सोने तारण खात्यावरचा आकडा जुळत नाही तेव्हा: आधी कुठली ओळ बघायची

तक्रार एकच असते, फक्त माणसं बदलतात. “लाखाला डाग ठेवला, दरवर्षी जाऊन नवं करून आलो, व्याज तर भरलंय की ओ, मग आता दीड लाख कुठनं आले?” खानापूर, नंदगड, बिडीकडची माणसं ही तक्रार घेऊन येतात, तशीच निपाणी-चिकोडीकडचीही. बँकेनं फसवलं अशी बहुतेकांची खात्री झालेली असते. खातं उघडून ओळीनं वाचलं की बहुतेक वेळा फसवणूक सापडत नाही. सापडतं ते असं की व्याज कधी भरलेलंच नव्हतं. ते दरवर्षी नव्या कर्जात मुरत गेलं होतं, आणि तसं कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट खात्यावर नेमकी कुठे दिसते आणि आपल्या बाबतीत तसंच झालंय की दुसरं काही, हे कसं ओळखायचं, एवढंच इथे लिहितो.

आधी कर्जाचा प्रकार

पावती किंवा मंजुरीपत्र काढा आणि परतफेडीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. तिथे `Bullet` असं असेल तर वर्षभर हप्ता नाही, मुदत संपेल त्या दिवशी मुद्दल आणि व्याज एकदम. आपल्याकडची बहुतेक छोटी सोने तारण कर्जं याच प्रकारची असतात, आणि घरखर्चासाठीच्या अशा कर्जाची मुदत बँकांना व एनबीएफसींना, म्हणजे बिगरबँक वित्त कंपन्यांना, बारा महिन्यांच्या पुढे ठेवता येत नाही. दुसरा प्रकार दरमहा व्याज भरायचा, तिसरा मासिक हप्त्याचा. त्या दोन्हीत घोळ कमी होतो, कारण दर महिन्याला आठवण होते.

बुलेटमधली गंमत अशी, की ॲपवर किंवा पासबुकात `Overdue` समोर वर्षभर शून्य दिसतं. ते शून्य बघून माणूस निर्धास्त होतो. पण त्या शून्याचा अर्थ ‘व्याज नाही’ असा नाही. ‘आज भरायला काही थकलेलं नाही’ एवढाच तो अर्थ आहे. व्याज रोज चढतच असतं. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी मात्र मुद्दल आणि वर्षाचं व्याज सगळंच्या सगळं त्या रकान्यात एकदम येऊन बसतं. तिथून ९० दिवसांच्या पुढे थकलं की खातं बुडीताच्या यादीत जातं आणि सिबिलवर डाग पडतो, लिलावाची नोटीस आलेली असो वा नसो.

`Outstanding` मध्ये काय आहे, काय नाही

दुसरी नेहमीची अडचण: ॲपवर एक आकडा, काउंटरवर दुसरा, आणि दोन्ही बरोबर. असं होतं कारण व्याज दिवसावर मोजलं जातं, पण खात्यावर त्याची नोंद महिन्यातून एकदा, बहुधा महिनाअखेरीला पडते. मधल्या दिवसांचं व्याज ॲपवरच्या आकड्यात नसतं. काउंटरवरचा माणूस मात्र आजची तारीख घालून हिशोब काढतो.

ओळखायची खूण सोपी आहे. कर्ज घेऊन चार-सहा महिने झाले, तुम्ही काही भरलेलं नाही, आणि तरी `Outstanding` मंजूर रकमेइतकंच दिसतंय, तर त्या संस्थेचं सॉफ्टवेअर तिथे फक्त मुद्दल दाखवतं आणि व्याज वेगळ्या रकान्यात ठेवतं. आकडा दर महिन्याला थोडा थोडा वाढत गेला असेल तर शेवटच्या नोंदीपर्यंतचं व्याज त्यात आलेलं आहे. त्या नोंदीनंतरच्या दिवसांचं व्याज आपण स्वतः मिळवायचं:

```
शिल्लक × वार्षिक दर ÷ १०० ÷ ३६५ × दिवस
```

समजा १ जूनला एक लाख घेतले, दर १२ टक्के, व्याज दरमहा खात्यावर टाकलं जातं. पहिल्या महिन्याचं व्याज हजार, दुसऱ्याचं १,०१०, कारण आता ते १,०१,००० वर लागतं, आणि पुढे तसंच. महिना ३० चा की ३१ चा यानं पंधरा-वीस रुपये इकडेतिकडे होतात, ते इथे सोडून देऊ. ३० नोव्हेंबरच्या नोंदीनंतर शिल्लक १,०६,१५२ होते. १८ डिसेंबरला तुम्ही डाग सोडवायला गेलात. १,०६,१५२ वर १२ टक्क्यांनं दिवसाचे सुमारे ३४ रुपये ९० पैसे होतात, १८ दिवसांचे ६२८. म्हणजे काउंटरवर १,०६,७८० च्या आसपास मागितले तर हिशोब बरोबर. त्याहून जास्त मागितले तर वरचा भाग शुल्काचा असणार, आणि तो कुठल्या नावाचा हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शेतीसाठी म्हणून घेतलेलं सोने तारण कर्ज असेल तर ही मासिक खूण लागू पडत नाही. तिथे व्याजाची नोंद हंगामाला धरून सहा महिन्यांनी किंवा वर्षानं पडते. खातं महिनोन्‌महिने सपाट दिसतं आणि एका दिवशी मोठी उडी मारतं. ती उडी बघून घाबरायचं कारण नाही, आधीच्या उडीपासूनचे दिवस मोजून पडताळा घ्या.

एनबीएफसीच्या काही योजनांत आणखी एक गुंता असतो. जाहिरातीतला कमी दर हा ठरलेल्या दिवसांत व्याज भरणाऱ्यासाठीच असतो. ते दिवस चुकले की वरचा दर लागतो, आणि कुठल्या तारखेपासून लागतो ते करारात लिहिलेलं असतं. वरच्या सूत्रानं काढलेला आकडा आणि त्यांचा आकडा यांत शे-दोनशेचा नाही, चांगला दोन-चार हजारांचा फरक दिसला, तर आधी संशय इथे घ्या.

नवीकरणाची ओळ

आता मूळ तक्रारीकडे. खानापूर तालुक्यातल्या एका मावशींचं खातं घेऊ. गंठण आणि दोन पाटल्या, कर्ज एक लाख, दर १२ टक्के, मुदत एक वर्ष. घेतलं जूनच्या तोंडाला, भाताच्या पेरणीसाठी. वर्ष संपलं तेव्हा देणं झालं १,१२,६८३. हातात पैसे नव्हते, कारण पुन्हा पेरणीच आली होती. शाखेत सांगितलं, “सोन्याचा दर वाढलाय, नवं करून देतो, काही भरू नका.” मावशींनी चार सह्या केल्या, आणि उलट १,७२७ रुपये त्यांच्याच बचत खात्यावर जमा झाले. त्यांची समजूत अशी झाली की व्याज भागलं आणि वर थोडे परत मिळाले.

खात्यावर काय घडलं ते असं. जुना कर्ज खाते क्रमांक बंद झाला आणि नवा उघडला. नव्या खात्यावर १,१५,००० चं कर्ज लिहिलं गेलं. त्यातून १,१२,६८३ जुन्या खात्याला गेले. मूल्यांकन व प्रक्रियेचे ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ५९० कापले. उरलेले १,७२७ मावशींना. व्याजाचे १२,६८३ रुपये आता व्याज राहिले नाहीत, मुद्दल झाले.

दुसऱ्या वर्षी १,१५,००० चे १,२९,५८५ झाले. नवं कर्ज १,३२,००० चं, शुल्क तेवढंच, हातात १,८२५. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आकडा १,४८,७४१. हाच तो ‘दीड लाख’.

हे पासबुकात कुठे पकडायचं? जुन्या कर्ज खात्याची शेवटची जमा ओळ बघा. तिथे `BY CASH` असेल किंवा तुमच्या बचत खात्यातून गेल्याचं दिसत असेल, तर पैसे खरोखर तुमच्या खिशातून गेले. `BY TRF` असेल तर समोर कुठल्या खात्याचा क्रमांक आहे ते वाचा. तो नव्या कर्जाचा क्रमांक असेल तर तुम्ही काही भरलेलं नाही, नव्या कर्जानं जुनं भागवलं. संस्थेगणिक शब्द थोडे वेगळे असतील, पण पैसे आले कुठून हे त्या ओळीतून लपत नाही. ॲपवर जुनं बंद झालेलं खातं बहुधा दिसतच नाही, त्यामुळे शाखेतून जुन्या कर्ज क्रमांकाचं स्टेटमेंट मागून घ्यावं लागतं. नुसतं नवं खातं बघितलं तर १,३२,००० हे तुमचं मूळ कर्ज आहे असंच वाटतं. बरेच लोक, आणि खरं सांगायचं तर काउंटरवर नव्यानं आलेले कारकूनही, इथेच अडकतात.

आणखी एक ताळा. नवीकरणाच्या दिवशी तुम्ही व्याज रोखीनं भरलं असेल तर नव्या कर्जाची रक्कम जुन्या मुद्दलाइतकीच हवी. बारा हजार रोख भरूनही नवं कर्ज १,१५,००० दिसत असेल, तर वरचे पंधरा हजार शुल्क वजा होऊन बचत खात्यात आलेले दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर मात्र ती खरी तक्रार आहे, आणि ती त्याच दिवशी लेखी करावी.

मावशींचं नुकसान नेमकं किती झालं, हेही मांडून बघू, कारण रागाच्या भरात लोक ४८ हजार बुडाले म्हणतात. दरवर्षी व्याज रोख भरलं असतं तर तीन वर्षांत ३८,०४९ गेले असते, दोन नवीकरणांचं शुल्क १,१८० गेलं असतं, आणि मुद्दल एक लाख उरलंच असतं. एकूण १,३९,२२९. आता देणं १,४८,७४१, त्यातून मधे हातात आलेले ३,५५२ वजा केले तर १,४५,१८९. फरक ५,९६० रुपयांचा. मुद्दलात मुरलेल्या व्याजावर, शुल्कावर आणि हातात आलेल्या पैशांवर चढलेलं व्याज ते एवढं. बाकीचं नेहमीचं व्याज आणि शुल्क आहे, कधी ना कधी द्यायचंच होतं. मला विचाराल तर सहा हजारांपेक्षा मोठं नुकसान हे की तीन वर्षं त्यांना आपलं देणं वाढतंय याचा पत्ताच नव्हता.

आता ‘रोख भरा’ का म्हणतात

दोन वर्षं ज्यांनी काही मागितलं नाही तेच आता व्याज रोख भरा म्हणतात, यावरून काउंटरवर भांडणं होतात. रिझर्व्ह बँकेनं ६ जून २०२५ रोजी सोनं-चांदी तारण कर्जाचे नवे निर्देश काढले, आणि ते अंमलात आणायची शेवटची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली. त्यानुसार बुलेट कर्जाचं नवीकरण करायचं तर साचलेलं व्याज आधी भरावं लागतं. नवीकरण कर्जदारानं मागितल्यावरच करायचं, खातं बुडीताच्या यादीत गेलेलं नसावं, आणि सोन्याच्या किमतीच्या मर्यादेत बसणारं असावं. म्हणजे मावशींच्या तिसऱ्या फेरीला आधी १६,७४१ रुपये भरायचे, मगच १,३२,००० चं खातं पुढे चालू. शाखेतला माणूस त्रास देत नाही, जुनी वाट बंद झालेली आहे.

याच निर्देशांमुळे बुलेटला ग्रॅममागे कर्ज कमी मिळतं असंही जाणवेल. घरखर्चासाठीच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे. पण बुलेटमध्ये ती आज हातात येणाऱ्या रकमेवर मोजत नाहीत, वर्षअखेरीच्या व्याजासकट रकमेवर मोजतात. दीड लाखाच्या सोन्यावर मर्यादा १,२७,५०० ची. १२ टक्के दरानं वर्षाचं व्याज त्यातच बसवायचं तर हातात सुमारे १,१३,००० च येतात.

व्याज भरायला रोख नाही म्हणून एक-दोन दिवसांसाठी पैसे लावणारे सराफकट्ट्यावर भेटतात. ते व्याज भरतात, नवं कर्ज निघालं की आपले पैसे वरच्या हिश्श्यासकट काढून घेतात. दोन दिवसांच्या कामाला ते काय घेतात ते टक्क्यात मांडून बघा, बँकेचा दर देवमाणूस वाटेल. आणि असं केलं की व्याज पुन्हा नव्या मुद्दलातच जातं, फक्त पासबुकात ओळ `BY CASH` ची दिसते.

मधेच भरलं तर

आपल्या भागात खरी अडचण तारखेची आहे. जूनला घेतलेलं बुलेट कर्ज जूनलाच संपतं, पेरणीच्या ऐन गडबडीत, जेव्हा घरात पैसा नसतो. कारखान्याचं ऊसबिल येतं हिवाळ्यात, भातही तेव्हाच विकलं जातं. मग तेव्हाच का भरू नये? बुलेट आहे म्हणजे मधे भरताच येत नाही, असा समज आहे, तो चूक. बहुतेक ठिकाणी मधली रक्कम घेतात. आपल्या करारात त्यावर काही शुल्क किंवा किमान दिवसांच्या व्याजाची अट आहे का, एवढं आधी विचारून घ्या.

मावशींच्या १,३२,००० च्या खात्यावर सहा महिन्यांनी शिल्लक १,४०,१२१ झाली होती. त्या वेळी ऊसबिलातले १०,००० भरले असते, तर सहा महिन्यांचं ८,१२१ व्याज फिटून वरचे १,८७९ मुद्दलातून गेले असते. शिल्लक १,३०,१२१, आणि जूनमध्ये नवीकरणाआधी भरायचं व्याज १६,७४१ ऐवजी ८,००५. पावती घेताना मात्र ती रक्कम कर्ज खात्यावर जमा झाली का ते बघा. बचत खात्यात पडून राहिलेले दहा हजार कर्जाचं व्याज थांबवत नाहीत, आणि हा घोळ मी पुष्कळदा बघितलाय. जमा ओळीच्या खालच्या शिलकीचा आकडा तेवढ्यानं उतरला की काम झालं.

सोसायटी आणि सौहार्द

वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे नियम बँका आणि एनबीएफसींना आहेत. बेळगाव-निपाणीकडे निम्मं सोनं असतं ते सोसायट्या, पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांकडे. त्यांच्यावर देखरेख सहकार खात्याची, आणि बहुराज्य संस्था असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांची. तिथे संस्थेचे पोटनियम आणि तुमचा करार हेच बघायचं. व्याज दरमहा मुद्दलात टाकतात की शेवटी एकदम सरळव्याज लावतात, हे पहिल्याच दिवशी विचारा. लाखाला १२ टक्क्यांनं वर्षाचा फरक ६८३ रुपयांचा पडतो, आणि नवीकरण होत गेलं की तो वाढत जातो.

नोटीस कन्नडमध्ये आली तर बड्डी म्हणजे व्याज, असलु म्हणजे मुद्दल, आणि हराजु दिसलं तर लिलाव, ती नोटीस बाजूला ठेवू नका. कर्जाच्या अटी आणि पत्रव्यवहार त्या भागाच्या किंवा कर्जदारानं निवडलेल्या भाषेत असावा असं नव्या निर्देशांत आहे, तेव्हा बँकेत अर्ज करतानाच मराठी हवी असं लिहून द्यायला हरकत नाही.

शाखेत काय लिहून मागायचं

तोंडी विचारलं की एकच आकडा सांगतात, आणि एका आकड्यावरून काहीच कळत नाही. त्यापेक्षा हे चार ओळींचं पत्र द्या:

“माझ्या सोने तारण कर्ज खाते क्रमांक ____ चा आजच्या तारखेचा पूर्ण फेडीचा आकडा फोडून द्यावा: मुद्दल, खात्यावर टाकलेलं व्याज, शेवटच्या नोंदीनंतरचं व्याज, दंडात्मक शुल्क, इतर शुल्क व जीएसटी. तसेच या कर्जाआधीच्या खाते क्रमांक ____ चं सुरुवातीपासून बंद होईपर्यंतचं स्टेटमेंट व नवीकरणाच्या माझ्या अर्जाची प्रत मिळावी.”

दंडाची ओळ आली तर तिच्याकडे नीट बघा. १८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानंतर दंड हा वाढीव व्याजदर म्हणून लावता येत नाही, वेगळं शुल्क म्हणूनच लावायचा, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. मुदत संपून दोन महिने झाले आणि दंडाची रक्कम शिलकीत मिसळून त्यावर व्याज मोजलेलं दिसलं, तर तो मुद्दा पत्रात घाला.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. बँक किंवा एनबीएफसी असेल आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे तक्रार टाकता येते. तिथे शिक्का मारलेली प्रत आणि त्या जुन्या खात्याचं स्टेटमेंट, हेच दोन कागद जोडायचे. सोसायटी असेल तर हीच प्रत जोडून निबंधकांकडे अर्ज करायचा.